थेरपीने फरक न पडलेल्या रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञांना लिहायचे पत्र : मसुदा पाहून मत द्यावे

इंद्रायणीकाठ

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी समुपदेशन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. एका रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे आहे आणि त्यासाठी लिहिलेले पत्र पाठवण्यापूर्वी जाणकारांनी वाचावे, अशी इच्छा आहे. रुग्णाची ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत. मूळ पत्र इंग्रजीत आहे. येथे त्याचा मजकूर मराठीत देत आहे.

"मा. डॉक्टर, श्री. क., वय ३६, हे गेल्या पाच महिन्यांपासून माझ्याकडे नैराश्यासाठी थेरपी घेत आहेत. आजवर १४ सत्रे झाली असून सीबीटी पद्धतीने काम केले आहे. सुरुवातीस थोडी सुधारणा दिसली, परंतु पुढे थेरपीला प्रतिसाद मिळाला नाही. झोप व भूक कमी आहे, कामात लक्ष लागत नाही, निराश विचार वारंवार येतात. वडील तापट स्वभावाचे होते व लहानपणी घरात भीतीचे वातावरण असे. भावाशी जमिनीच्या वाटणीवरून वाद चालू आहे. पत्नीशी संबंध ताणलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी हार्डवेअरच्या दुकानाचा मोठा विस्तार करण्याचा त्यांचा बेत फसला व तेव्हापासून आत्मविश्वास खचला आहे. वडिलांवरही काही काळ मानसिक उपचार झाल्याचे समजते. कृपया तपासून योग्य ते औषधोपचार सुरू करावेत, ही विनंती."

एवढे पुरेसे आहे का, की सत्रांमधील आशय अधिक विस्ताराने द्यावा? लहानपणाविषयी आमचे पुष्कळ बोलणे झाले आहे आणि ते डॉक्टरांना ठाऊक असावे, असे मला वाटते.

---

वाटसरू७

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. १४ सत्रांत काय होणार? मला स्वतःला थेरपीचा गुण यायला दोन वर्षे लागली आणि त्या काळात माझ्या बाईंनी मला एकदाही दुसरीकडे पाठवण्याची भाषा केली नाही. गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, असे मी पुष्कळांचे पाहिले आहे. रुग्णाला पुढे ढकलण्याऐवजी थेरपीची पद्धत बदलून पाहावी किंवा अधिक अनुभवी समुपदेशक सुचवावा.

---

शब्दवेल्हाळ

मी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलेली असून पुण्यात एका रुग्णालयात काम करते. वाटसरू७, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु पाठवावे की नाही हा धाग्याचा प्रश्नच नाही. पत्रात काय लिहावे, हा आहे. तरीही आपण विषय काढलाच आहे म्हणून सांगते. मध्यम ते तीव्र नैराश्यात सीबीटी नीट चालू असेल, तर साधारण सहा ते आठ सत्रांत कुठेतरी हालचाल दिसू लागते. ती दिसली नाही, किंवा दिसून पुन्हा मागे गेली, तर त्याच वाटेने आणखी वर्षभर चालत राहणे हे चिकाटीचे लक्षण नव्हे. आणि रुग्ण पुढे पाठवला म्हणजे थेरपी संपली असेही नाही, ती दोघांकडे एकाच वेळी चालू शकते.

इंद्रायणीकाठ, आपल्या मसुद्यात मला सर्वांत जास्त खटकलेले वाक्य "सीबीटी पद्धतीने काम केले" हे आहे. डॉक्टरांना त्यातून काहीही कळत नाही. रुग्णाने घरी काय केले, काय जमले, कोणत्या ठिकाणी गाडी अडली आणि पीएचक्यू-९ चे आकडे कसे बदलत गेले, हे लिहावे. आपण ती प्रश्नावली भरून घेतली असेलच.

---

ओपीडीतला म्हातारा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, तीस वर्षांहून अधिक काळ ओपीडी पाहतो आहे. असली पत्रे माझ्याकडे पुष्कळ येतात आणि बहुतेक पत्रांचा शेवट याच वाक्याने होतो : योग्य ते औषधोपचार सुरू करावेत. गर्दीच्या दिवशी अशा पत्राचा परिणाम काय होतो, ते सांगतो. पत्रात "नैराश्य" लिहिलेले असते, समोर खिन्न चेहऱ्याचा माणूस बसलेला असतो, बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असतात आणि हात आपोआप नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळीकडे जातो. बहुतेकदा ते योग्यच ठरते. आपल्या या रुग्णाच्या बाबतीत मात्र ते योग्य ठरेल, याची मला खात्री वाटत नाही आणि तसे वाटण्याचे कारण आपल्याच पत्रात, अगदी शेवटी दडलेले आहे.

दुकानाच्या विस्ताराचा बेत आणि वडिलांवरचे उपचार या दोन वाक्यांसाठी मी बाकीचे अर्धे पत्र द्यायला तयार आहे. आपण ती दुःखाची पार्श्वभूमी म्हणून लिहिली आहेत. मी ती वाचली, तेव्हा माझ्या मनात पुढील प्रश्न आले. त्या विस्ताराच्या काळात त्यांची झोप किती तास होती? झोप कमी असूनही थकवा नव्हता का? घरच्यांना ते नेहमीपेक्षा वेगळे, जास्त बोलणारे, चिडके किंवा अवाजवी खर्च करणारे वाटले का? हा काळ किती दिवस टिकला आणि त्यानंतर लगेच काय झाले? वडिलांना नेमके कोणते उपचार दिले गेले? हे रुग्णाला विचारून पूर्ण उत्तर मिळत नाही, कारण त्या दिवसांत माणसाला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. उलट तोच काळ आपला सर्वांत चांगला काळ होता, असे तो सांगतो. पत्नीला किंवा भावाला विचारावे लागते.

---

कायद्याचं बोला

येथे एका गोष्टीकडे सर्वांचे दुर्लक्ष होत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय असे पत्र दुसऱ्या डॉक्टरांना पाठवणे हा सरळ कायद्याचा भंग ठरेल. पत्नीला विचारणे तर दूरच राहिले.

---

ओपीडीतला म्हातारा

कलम आपण बरोबर सांगितले, परंतु ते पूर्ण वाचावे. गोपनीयतेच्या त्याच कलमात अपवाद दिले आहेत आणि रुग्णावर उपचार करता यावेत म्हणून दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला माहिती देणे हा त्यांपैकीच एक आहे. त्यामुळे लेखी संमती नाही म्हणून पत्र बेकायदा ठरते, असे म्हणता येत नाही. तरीही संमती घ्यावी आणि नोंदीत ती तारखेसह लिहावी, याविषयी मी आपल्याशी सहमत आहे. फक्त त्यामागचे कारण वेगळे आहे. ज्याला पत्राची कल्पनाच दिलेली नाही, तो रुग्ण बहुधा माझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

पत्नीचे म्हणाल, तर तिच्याकडून माहिती घेणे आणि तिला माहिती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाच्या परवानगीने तिला बोलवावे, तिचे म्हणणे ऐकावे आणि सत्रांत रुग्ण काय बोलला, ते तिला सांगू नये.

---

शेवंती

मी या क्षेत्रातली नाही, पण माझ्या भावाचे सांगते. त्याच्या समुपदेशकांनी दिलेले पत्र उघडे होते आणि त्याने ते रिक्षात वाचले. त्यात "रुग्ण थेरपीला प्रतिसाद देत नाही" असे लिहिलेले होते. तो तिथेच रिक्षा थांबवून उतरला. मी इतके महिने दर आठवड्याला जातो, सांगितलेले सगळे लिहून नेतो आणि हे म्हणतात मी प्रतिसाद देत नाही, असे तो म्हणाला. पुढे कित्येक महिने तो कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही. आपल्या मसुद्यातही जवळजवळ तेच वाक्य आहे, म्हणून राहवले नाही.

---

शब्दवेल्हाळ

शेवंतीताई, हे आपण लिहिले ते फार बरे झाले. हे वाक्य आम्हा लोकांच्या हातून सवयीने लिहिले जाते. खरे तर प्रतिसाद अपुरा पडतो तो उपचाराचा, आणि पत्रातही तसेच यायला हवे : अमुक उपचार अमुक काळ दिला, रुग्णाने त्यात अमुक केले आणि तरीही अमुक लक्षणे कायम आहेत. असे वाक्य रुग्णाने वाचले तरी त्याला लागत नाही, आणि डॉक्टरांना त्यातून जास्त कळते.

---

इंद्रायणीकाठ

सर्वांचे आभार. मी माझ्या नोंदी पुन्हा काढल्या आणि रुग्णाच्या परवानगीने त्यांच्या पत्नीशी सविस्तर बोलले. जे हाती आले ते क्रमाने लिहिते.

पीएचक्यू-९ पहिल्या सत्रात १७ होते, सहाव्या सत्राला १२, दहाव्याला १६ आणि चौदाव्याला १९. पहिल्या सहा आठवड्यांत त्यांनी रोजच्या कामांचा तक्ता न चुकता भरला, दुकान ठरलेल्या वेळी उघडले, संध्याकाळी फिरायला गेले. पुढे तक्ता थांबला, कारण सकाळी उठणेच जमेना. पहाटे साडेतीन-चारला जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, अकरा वाजेपर्यंत अंग शिशासारखे जड असते आणि संध्याकाळी मात्र थोडे हलके वाटते.

पत्नीने सांगितले, की दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास सुमारे सहा दिवस ते रात्री तीन-चार तासच झोपत, तरी दिवसभर पळत असत. बोलणे थांबत नसे, मधेच कोणी अडवले तर चिडत. त्याच दिवसांत त्यांनी जवळपास दोन लाखांचा माल उधारीवर उचलला. दारू ते घेत नाहीत. त्यानंतर काही आठवड्यांत ते गप्प झाले आणि महिनाभर दुकानात बसलेच नाहीत. ते नुकसानीमुळे झाले, असे सगळ्या घराने धरून चालले होते आणि मीही त्यावर त्याच दिशेने काम केले.

वडिलांविषयी सासूबाईंना विचारून पत्नीने कळवले, की त्यांना तरुणपणी एकदा दवाखान्यात ठेवले होते, शॉक दिले होते आणि पुढे कित्येक वर्षे ते एक गोळी घेत. त्या गोळीसाठी दर काही महिन्यांनी रक्त तपासावे लागे. गोळीचे नाव कोणाला आठवत नाही.

---

ओपीडीतला म्हातारा

नाव आठवले नाही तरी चालेल. मानसिक आजारासाठी वर्षानुवर्षे घ्यायची आणि नियमित रक्त तपासून द्यायची गोळी म्हटली, की पहिले नाव लिथियमचे येते. तशी तपासणी लागणारी इतरही औषधे आहेत, म्हणून मी पैज लावणार नाही, पण पत्रात हे वाक्य जसेच्या तसे यावे. जवळच्या नातेवाइकाला लिथियम लागू पडले होते, ही माहिती मला निदानासाठीच नव्हे, तर औषध निवडण्यासाठीही उपयोगी पडते.

आता पाहा, चित्र कसे बदलले. चार दिवसांहून अधिक टिकलेला, कमी झोपेचा पण न थकण्याचा काळ, घरच्यांना जाणवलेला बदल, खर्चातील बेफिकिरी, मागोमाग आलेली घसरण आणि वडिलांचा असा इतिहास. याला मी अजून बायपोलर म्हणणार नाही. तपासल्याशिवाय म्हणूच नये. परंतु ही शंका मनात असताना नुसती नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी मी थांबेन, कारण बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय ती गोळी दिली, तर काही रुग्ण काही आठवड्यांत दुसऱ्या टोकाला जातात, काहींमध्ये झोप आणखी उडते, चिडचीड व बेचैनी वाढते. आपल्या पहिल्या पत्रावरून मी कदाचित तीच गोळी दिली असती.

आकड्यांविषयीही एक सांगतो. नऊ प्रश्नांच्या बेरजेपेक्षा कोणता प्रश्न हलला आणि कोणता जागचा हलला नाही, हे मला जास्त सांगून जाते. आपण पुन्हा एकदा चारही प्रश्नावल्या शेजारी ठेवून पाहाव्यात. आणि नववा प्रश्न, म्हणजे मरणाचे विचार, त्याचे उत्तर आपण अजून लिहिलेले नाही. पत्रात ते वरच्या चार ओळींत हवे.

---

इंद्रायणीकाठ

शेजारी ठेवून पाहिल्या. बेरीज १७ वरून १२ झाली, ती मुख्यतः रस वाटणे आणि स्वतःविषयीचे वाईट विचार या दोन प्रश्नांत. झोप, थकवा आणि मंदावलेल्या हालचाली हे तीन प्रश्न चारही वेळा जवळपास तसेच राहिले.

नवव्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तीन वेळा शून्य होते, या वेळी एक आहे. मी थेट विचारले. आपण नसतो तर बरे झाले असते, असे काही दिवशी पहाटे वाटते. स्वतःहून काही करण्याचा विचार किंवा बेत नाही आणि यापूर्वी कधी प्रयत्न केलेला नाही, असे ते म्हणाले. त्यांची थोडी द्राक्षबाग आहे व फवारणीचे औषध शेतावरच्या खोलीत असते. ती किल्ली आता पत्नीने स्वतःकडे घेतली आहे आणि हे रुग्णाला सांगूनच केले आहे.

---

ओपीडीतला म्हातारा

किल्लीचे वाक्य पत्रात अवश्य लिहावे. आपल्याकडच्या ग्रामीण भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय धोक्याचा अंदाज पुरा होत नाही आणि तरीही तो मला पत्रांत क्वचितच लिहिलेला सापडतो.

आणि एक मर्यादा स्पष्ट असू द्यावी. त्यांनी बेत सांगितला असता, किंवा खाणेपिणे सोडले असते, किंवा असे काही ऐकू येते म्हणाले असते जे इतरांना ऐकू येत नाही, तर पत्र लिहीत बसायचे नसते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, घरच्या माणसाबरोबर रुग्णाला पाठवायचे आणि पत्र मागाहून.

---

शब्दवेल्हाळ

थायरॉइडचे काय? मंदपणा, थकवा आणि जडपणा टिकून राहिला, तर टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ केव्हा तपासले, हे पत्रात असावे. शाकाहारी घरांत बी-१२ हमखास कमी निघते. तपासणी आपण लिहून देऊ शकत नसलात, तरी "झालेली नाही" एवढे तरी लिहिता येते. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा आकडीसाठी चालू असलेल्या काही औषधांनीही मूड बिघडतो, म्हणून चालू औषधांची यादी द्यावी.

---

इंद्रायणीकाठ

रक्ताची तपासणी दीड वर्षापूर्वी एका शिबिरात झाली होती, त्यात टीएसएच नव्हते. सध्या कोणतेही औषध चालू नाही. सुधारलेले पत्र खाली देत आहे.

"मा. डॉक्टर, श्री. क., वय ३६, विवाहित, यांना त्यांच्या संमतीने आपल्याकडे पाठवत आहे. माझी विनंती दोन गोष्टींसाठी आहे. सध्याचे नैराश्य दुहेरी स्वरूपाच्या आजाराचा भाग आहे का, याचे मूल्यमापन व्हावे आणि त्यानुसार औषधाची गरज ठरवावी. आठवडाभरात तपासणी झाल्यास बरे.

धोका : मरणाचे विचार काही दिवशी पहाटे येतात, बेत नाही, पूर्वी प्रयत्न नाही. शेतावरील कीटकनाशकाच्या खोलीची किल्ली पत्नीकडे आहे. विचार वाढल्यास काय करायचे हे दोघांशी ठरवले असून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे.

आपले विशेष लक्ष वेधावे असे : पत्नीच्या सांगण्यानुसार दोन वर्षांपूर्वी सुमारे सहा दिवस रोज तीन-चार तास झोप, थकवा नाही, अखंड बोलणे, चिडचीड, सुमारे दोन लाखांची उधारीवरील खरेदी. त्यानंतर काही आठवड्यांत महिनाभर दुकान बंद. मद्यपान नाही. वडिलांना तरुणपणी रुग्णालयात ठेवून शॉक दिले होते व पुढे अनेक वर्षे नियमित रक्त तपासून एक गोळी दिली जात होती; नाव माहीत नाही.

सध्याची लक्षणे पाच महिन्यांपासून : पहाटे साडेतीन-चारला जाग, सकाळी जडपणा व संध्याकाळी थोडा आराम, भूक कमी, एकाग्रता कमी.

उपचार : सीबीटीची १४ सत्रे. रुग्णाने पहिले सहा आठवडे दैनंदिन कामांचा तक्ता नियमित भरला व ठरवलेली कामे केली. पीएचक्यू-९ अनुक्रमे १७, १२, १६, १९. रस व स्वतःविषयीच्या विचारांत सुधारणा दिसली होती. झोप, थकवा व मंदपणा यांत चारही वेळा फरक नाही. सहाव्या आठवड्यानंतर सकाळी उठणे अशक्य झाल्याने तक्ता थांबला.

टीएसएच व बी-१२ तपासलेले नाही. कोणतेही औषध चालू नाही. औषधांविषयी रुग्णाला सवय लागण्याची भीती वाटते; मात्र तपासून घेण्यास ते तयार आहेत व पत्नी सोबत येईल.

माझी सत्रे चालू राहतील. आपले मत व औषधयोजना कळवल्यास त्यानुसार पुढील काम ठरवीन. रुग्णाने फोनवर बोलण्यास परवानगी दिली आहे."

वडिलांचा धाक, भावाशी असलेला वाद आणि पत्नीशी ताण हे तिन्ही मी काढून टाकले आहे. ते काढताना मला बराच वेळ लागला, हे खरे.

---

ओपीडीतला म्हातारा

काढले ते योग्य केले. त्यातून माझा निर्णय बदलणार नव्हता आणि जमिनीचा वाद माझ्या फायलीत पडून राहण्याचे काही कारण नाही. हवे असेल तर मी विचारीन.

एक भर घालावी. थेरपी चालू ठेवणार असाल, तर औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे रुग्ण माझ्यापेक्षा आपल्याला जास्त वेळा भेटणार आहे. झोप अचानक कमी झाली आणि तरीही तरतरी वाढली, तर मला त्याच दिवशी कळवा. दुसरे म्हणजे, गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण तोंड कोरडे पडणे, मळमळ किंवा सुस्ती पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या आठवड्यात गोळी बंद करतात आणि ते मला महिन्याने कळते. आपल्याला ते आठव्या दिवशी कळेल.

---

शब्दवेल्हाळ

पत्र चांगले झाले आहे. एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. "दुहेरी स्वरूपाच्या आजाराचा भाग आहे का" असा प्रश्न मोघम वाटतो. आरसीआयची नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने तात्पुरते निदान स्पष्टपणे लिहावे, असे आम्हाला शिकवले जाते आणि मी ते लिहिते. पत्र घाईत वाचले गेले, तरी निदानाचा शब्द डोळ्यात भरतो.

---

ओपीडीतला म्हातारा

आपले प्रशिक्षण वेगळे आहे आणि आपल्याकडून तसे लिहिलेले मला चालते. इंद्रायणीकाठ यांनी स्वतःची ओळख समुपदेशन मानसशास्त्रज्ञ अशी दिली आहे, म्हणून त्यांच्या पत्रात मला वर्णन हवे, शिक्का नको. निदानाचा शब्द डोळ्यात भरतो, हे आपले म्हणणे खरे आहे. तो एकदा भरला की मग पुढच्या पाच डॉक्टरांच्याही डोळ्यात तोच राहतो, ही माझी अडचण आहे.

---

शब्दवेल्हाळ

आणि वर्णन नीट वाचले न जाता नैराश्याची गोळी सुरू झाली, तर? ती शक्यता पहिल्या प्रतिसादात आपणच सांगितली होती.

---

ओपीडीतला म्हातारा

सांगितली होती खरी. यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. आमच्यातच काही जणांना स्पष्ट निदान लिहिलेले आवडते, काहींना त्याचा राग येतो. ज्यांच्याकडे आपण रुग्ण पाठवतो, त्यांना एकदा फोन करून विचारून घेणे एवढेच सुचवतो.

---

कायद्याचं बोला

वरील अपवादाचा मुद्दा मी तपासला. तो तसाच आहे, हे मान्य. आता पाकिटाविषयी. पत्र बंद पाकिटात द्यावे की उघडे? त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा अधिकार आहे, म्हणजे पाकीट बंद केले तरी तो मागू शकतो. आतील माहितीने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होण्याचा किंवा दुसऱ्याला धोका पोहोचण्याचा संभव असेल, तर तेवढा भाग रोखता येतो.

---

शेवंती

माझ्या भावाच्या वेळी पाकीट बंद असते, तर तो निदान डॉक्टरांपर्यंत तरी पोहोचला असता. मला बंदच बरे वाटते.

---

इंद्रायणीकाठ

मी उलट करून पाहणार आहे. येत्या सत्रात हे पत्र मी त्यांना मराठीत वाचून दाखवीन आणि त्यांना एखादे वाक्य चुकीचे वाटले तर तिथेच दुरुस्त करीन. दसऱ्याच्या दिवसांविषयी पत्नीने सांगितलेले त्यांना मान्य होईलच असे नाही. मान्य नसेल तर "पत्नीच्या सांगण्यानुसार" या शब्दांपुढे "रुग्णाच्या मते तो केवळ उत्साहाचा काळ होता" एवढे जोडीन. माझी खरी चिंता वेगळी आहे. वडिलांच्या आजाराविषयी त्यांना स्वतःला किती ठाऊक आहे, हे मला अजून कळलेले नाही. शॉकची गोष्ट सासूबाईंनी सुनेला सांगितली, मुलाला कधी सांगितलेली दिसत नाही.

---

ओपीडीतला म्हातारा

मग ते वाक्य वाचून दाखवण्याआधी पत्नीमार्फत सासूबाईंना विचारा, की मुलाला सांगितलेले चालेल का. ती माहिती त्यांची आहे. त्या नाही म्हणाल्या, तर पत्रातून तेवढे वाक्य काढा आणि मातोश्रींनाच एकदा माझ्याकडे किंवा ज्यांच्याकडे पाठवत आहात त्यांच्याकडे बोलायला सांगा. तपासणीची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका.

---

शब्दवेल्हाळ

या शेवटच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. आनुवंशिक इतिहास हा येथे उपचाराचा गाभा आहे. तो पत्रातून काढण्यापेक्षा फोनवर डॉक्टरांना सांगावा आणि रुग्णाला कधी व कसे सांगायचे, ते दोघांनी मिळून ठरवावे. अर्थात फोनवर सांगितलेले त्यांच्या नोंदीत उतरेलच, आणि मग कलम २५ चा प्रश्न पुन्हा येतोच.

---

इंद्रायणीकाठ

सासूबाईंना उद्या विचारते. तारीख मंगळवारची मिळाली आहे. टीएसएच व बी-१२ साठी रक्त उद्या सकाळी देतील, अहवाल पत्रासोबत जाईल.